दुकान बंद असताना ग्राहकाला मिळणारे पहिले उत्तर

किनवट, प्रतिनिधी - रात्री साडेनऊ वाजता इस्लापूर किंवा बोधडीकडील एखादा शेतकरी किनवटच्या कृषी सेवा केंद्राला व्हॉट्सअॅपवर विचारतो, "डीएपी आहे का?" दुकान बंद असते, त्यामुळे उत्तर येत नाही. तो सकाळची एसटी धरून तालुक्याला येतो आणि खत संपल्याचे त्याला दुकानाच्या दारात कळते. खत असले, तरी आधार कार्ड घरी राहिल्यामुळे त्याला रिकाम्या हाताने परतावे लागू शकते, कारण अनुदानित खताची विक्री आता यंत्रावर खरेदीदाराची ओळख पटवूनच होते. एक दिवस आणि एक फेरी वाया जाते. बंद दुकानाच्या वतीने फोनने आपोआप चार ओळींचे उत्तर पाठविले असते, तर हे टळले असते.

अशा उत्तराची सोय व्हॉट्सअॅप बिझनेस या विनामूल्य अॅपमध्ये आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी काढलेले हे अॅप २०१८ च्या जानेवारीत आले. नेहमीचे व्हॉट्सअॅप आणि हे अॅप, दोन्हींवर एकाच वेळी एकच क्रमांक चालत नाही. म्हणून दुकानासाठी वेगळा क्रमांक ठेवणे सोयीचे. सोय सोपी असली, तरी उत्तर लिहिताना आणि वेळापत्रक लावताना काही चुका सर्रास होतात. किनवटसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्यातील कृषी केंद्राचे उदाहरण घेऊन त्या समजून घेता येतील.

स्वागत वेगळे, बंदचा निरोप वेगळा

अॅपमध्ये आपोआप जाणारे संदेश दोन प्रकारचे आहेत. पहिला `Greeting message`, म्हणजे स्वागताचा. एखाद्या ग्राहकाने पहिल्यांदाच संदेश पाठविला, किंवा चौदा दिवस काही बोलणे न होता पुन्हा पाठविला, तर हा जातो. दुकान उघडे आहे की बंद, याच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा `Away message`, म्हणजे आपण हजर नसल्याचा. बंद दुकानासाठी लागतो तो हा.

पुष्कळ दुकानदार स्वागताच्या संदेशातच "आपले स्वागत आहे, लगेच उत्तर देतो" असे लिहून ठेवतात. हा संदेश रात्री अकरा वाजताही जातो, आणि "लगेच" या शब्दावर विसंबून ग्राहक वाट पाहत बसतो. नव्या ग्राहकाने रात्री विचारणा केली आणि दोन्ही संदेश लागोपाठ गेले, तरी त्यांत विसंगती वाटू नये, अशी भाषा हवी. स्वागताच्या संदेशात दुकानाचे नाव, पत्ता आणि रोजची वेळ एवढेच असावे. उत्तर केव्हा मिळेल, हे बंदच्या निरोपात सांगावे.

वेळापत्रकाचे तीन पर्याय

`Business tools` या विभागात, नव्या आवृत्तीत `Tools` मध्ये, `Away message` उघडला की तो केव्हा पाठवायचा हे विचारले जाते. `Always send` निवडल्यास तो सदैव जातो. `Custom schedule` मध्ये आरंभाची व शेवटाची तारीख आणि वेळ द्यावी लागते. `Outside of business hours` निवडल्यास दुकानाच्या वेळेबाहेर आलेल्या संदेशांनाच उत्तर जाते. रोजच्या कामासाठी तिसरा पर्याय योग्य. मात्र त्याआधी दुकानाच्या माहितीपानावर वारांनुसार उघडण्याची व बंद होण्याची वेळ भरलेली असली पाहिजे. अॅपच्या लेखी तीच दुकानाची वेळ असते. पाटीवर नऊ ते आठ असताना माहितीपानावर दहा ते सात भरले, तर सकाळी नऊ वाजता दुकानदार गल्ल्यावर बसलेला असतानाही ग्राहकाला "दुकान बंद आहे" असे उत्तर जाईल.

सणाच्या सुटीत घोटाळा होतो तो वेगळ्याच कारणाने. पोळ्यासाठी दोन दिवस दुकान बंद ठेवायचे म्हणून दुकानदार `Custom schedule` निवडतो. दोन दिवस संदेश नीट जातो. मुदत संपली की तो थांबतो, पण अॅप आपण होऊन जुन्या पर्यायाकडे परतत नाही. दुकान सुरू झाल्यानंतरच्या रात्रींना कोणालाही उत्तर मिळत नाही आणि दुकानदाराला त्याचा पत्ता नसतो. याच्या उलटही घडते. वेळापत्रक तेच ठेवून केवळ मजकुरात "पोळ्यानिमित्त बंद" लिहिले आणि ते काढायचे राहिले, तर नवरात्र आले तरी ग्राहकाला पोळ्याचाच निरोप मिळत राहतो. सुटीनंतर दुकान उघडताना मजकूर आणि वेळापत्रक दोन्ही पाहणे, हाच यावरील उपाय.

निरोप कोणाला जावा

याच पानावर संदेश कोणाला पाठवायचा, हेही ठरवावे लागते. घरच्यांना व सोयऱ्यांना दुकानाचा निरोप जाऊ नये म्हणून काही जण `Everyone not in address book` हा पर्याय घेतात. त्याचा अर्थ, ज्यांचा क्रमांक फोनमध्ये साठविलेला आहे त्यांपैकी कोणालाही निरोप जाणार नाही. वर्षानुवर्षे माल नेणाऱ्या शेतकऱ्यांचे क्रमांक तर दुकानदाराने साठविलेलेच असतात. म्हणजे अनोळखी माणसाला उत्तर मिळते आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. त्यापेक्षा `Everyone except...` निवडून नातेवाईक व घाऊक व्यापारी यांची नावे वगळावीत.

मजकूर कसा असावा

नेहमी दिसणारा नमुना असा असतो: "आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद. आम्ही सध्या उपलब्ध नाही. लवकरच संपर्क करू." यात शिष्टाचार आहे, पण माहिती काहीच नाही. "लवकर" म्हणजे किती वाजता? तोवर ग्राहकाने काय करावे? निघताना सोबत काय घ्यावे?

कृषी केंद्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जणांना प्राण गमवावे लागले. कापसाचे पीक नदीच्या अलीकडेही आहे. फवारणीहून आलेल्या मजुराला संध्याकाळी मळमळ, घाम किंवा अंधुक दिसण्याचा त्रास सुरू झाला, तर घरच्यांना ज्याच्याकडून औषध आणले त्या दुकानदाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी "लवकरच संपर्क करू" हे वाक्य घातक ठरते, कारण ते थांबायला सांगते.

म्हणून अशा केंद्राचा निरोप पुढीलप्रमाणे असू शकेल:

```
नमस्कार. दुकान आता बंद आहे, सकाळी 9 वाजता उघडेल.
औषधाची बाधा झाली असल्यास आमच्या उत्तराची वाट
पाहू नका. 108 ला फोन करा. औषधाचा डबा सोबत घेऊन
लगेच दवाखान्यात जा.
माल हवा असल्यास गाव, मालाचे नाव आणि नग लिहा.
साठा व दर पाहून सकाळी 10 पर्यंत कळवू. आमचे उत्तर
आल्यावरच निघा. खतासाठी आधार कार्ड आणा.
पिकाचा सल्ला: किसान कॉल सेंटर 18001801551
(सकाळी 6 ते रात्री 10)
हे उत्तर फोनवरून आपोआप आले आहे.
```

यातील प्रत्येक ओळीला कारण आहे. फोनच्या पडद्यावर सूचना येते तेव्हा आरंभीचाच मजकूर दिसतो, म्हणून दुकानाची वेळ आणि बाधेची ओळ वर आहे. डबा सोबत न्यायला सांगितले आहे, कारण औषधातील घटक आणि विषबाधेवरील उपचाराची सूचना डब्यावरील लेबलावर व सोबतच्या पत्रकावर छापलेली असते. कोणते विष, हे डॉक्टरांना त्यावरून ताबडतोब कळते. लेबलावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण औषधाची तीव्रता सांगतो. त्यांत लाल सर्वाधिक तीव्र. निरोपात घरगुती उपाय मात्र लिहू नयेत. समोरचा माणूस कोणत्या स्थितीत आहे, हे आपोआप जाणाऱ्या संदेशाला कळत नाही.

फवारणीची मात्राही त्यात देऊ नये. ती औषधागणिक व पिकागणिक बदलते, आणि एका ग्राहकासाठी लिहिलेला आकडा दुसऱ्याच औषधासाठी वापरला जाण्याची भीती असते. त्याऐवजी किसान कॉल सेंटरचा निःशुल्क क्रमांक दिला आहे. केंद्र सरकारची ही सेवा २००४ पासून चालू असून तेथे मराठीत बोलता येते. ती रात्री दहाला बंद होते, म्हणून वेळही लिहिली आहे.

"साठा व दर पाहून कळवू" या शब्दांमुळे माल राखून ठेवल्याचा समज होत नाही. "आपली मागणी नोंदविली आहे" असे लिहिले, तर सकाळी माल नसल्यास वाद ठरलेला. शेवटच्या ओळीमुळे पलीकडे माणूस जागा असून मुद्दाम बोलत नाही, असा गैरसमज टळतो. मजकुरातील अंक 1, 2, 3 असे लिहिले आहेत. लांब क्रमांक असा लिहिल्यास त्यावर बोट ठेवून थेट फोन लावता येतो, देवनागरी अंकांत ही सोय मिळेलच असे नाही. सीमेपलीकडून तेलुगू भाषक ग्राहक येत असतील, तर वेळ व बाधेची ओळ जाणकाराकडून तेलुगूत लिहून घेऊन खाली जोडावी.

फोन बंद, तर उत्तरही बंद

या सोयीची मोठी मर्यादा अशी, की दुकानाचा फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असेल, तरच उत्तर जाते. दुकानदाराने रात्री डेटा बंद केला, किंवा वीज जाऊन चार्जिंग संपले, तर लिहून ठेवलेला निरोप फोनमध्येच राहतो. ग्राहकाला आपल्या संदेशापुढे एकच खूण दिसते आणि उत्तर येत नाही. म्हणून हा फोन बंद दुकानात ठेवण्यापेक्षा घरी, चार्जरला लावून, डेटा चालू ठेवून ठेवावा. बॅटरी वाचविण्याची व्यवस्था पार्श्वभूमीत चालणारी अॅप्स अडविते, त्यामुळे या अॅपला तिच्यातून सूट द्यावी.

सारे जुळून आले का, हे पाहण्यासाठी वगळलेल्या यादीत नसलेल्या दुसऱ्या क्रमांकावरून दुकान बंद झाल्यावर एक संदेश पाठवावा. मिळालेले उत्तर पडद्यावर कसे दिसते, तेही वाचून पाहावे. दुसऱ्या रात्री त्याच क्रमांकावरून चाचणी घेतल्यास स्वागताचा संदेश येणार नाही. तो बिघाड नव्हे, चौदा दिवसांच्या नियमाचा परिणाम आहे. सकाळी उघडण्याच्या वेळेनंतर आणखी एक संदेश पाठवावा. तेव्हाही "दुकान बंद आहे" असे उत्तर आले, तर माहितीपानावरील वेळ किंवा निवडलेला पर्याय चुकला आहे.

आणि निरोपात सकाळी दहाची वेळ दिली असेल, तर दहाच्या आत रात्रीचे सर्व संदेश वाचून प्रत्येकाला उत्तर द्यावे लागेल. हंगामात ते जमत नसेल, तर निरोपातच अकराची वेळ लिहावी. शेतकरी त्या वेळेवरून आपली एसटी ठरविणार आहे.