होकाराचं पत्र, पण कोणत्या अटींवर?

समजा, पुण्यातल्या एका कार्यालयात हिशेब विभागातली कर्मचारी अर्ज करते: मुलीचं पाळणाघर साडेपाचला बंद होतं, म्हणून दहा ते साडेसहाऐवजी साडेआठ ते पाच अशी वेळ मिळावी. साहेबांची हरकत नाही. खरी कसोटी आहे ती उत्तराच्या पत्राची.

अशा पत्रात एक वाक्य हमखास येतं: 'कामाची गरज भासल्यास उशिरापर्यंत थांबावे लागेल.' या एका ओळीने दिलेली सवलत परत घेतली जाते, कारण गरज कधी भासेल हे साहेबच ठरवणार आणि पाळणाघर तर साडेपाचलाच बंद होणार. त्यापेक्षा अट नेमकी लिहावी: 'महिनाअखेरचे शेवटचे दोन कामाचे दिवस पूर्वीचीच वेळ राहील.' तारखा आधी कळल्या की आजीला बोलावता येतं.

नवी वेळ कोणत्या तारखेपासून, हेही पत्रात हवं. कामाचे तास तेवढेच असल्याने पगार आणि रजा यांत फरक पडणार नाही, हे स्पष्ट लिहावं. नाहीतर पगारपत्रक करणारा सवयीने अर्धा दिवस कापतो. तीन महिन्यांनी आढावा घ्यायचा असेल तर त्याची तारीख आणि सवलत थांबवायची झाल्यास किती दिवस आधी कळवणार, तेही नोंदवावं. नवं पाळणाघर दोन दिवसांत मिळत नाही. निदान महिनाभर तरी द्यावा.

आणखी एक. २०१७च्या कायदादुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तिथे दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा आईला हक्क आहे. बदललेल्या वेळेच्या बदल्यात हा हक्क सोडायला लावणारी अट पत्रात असेल, तर सही करू नका.