विक्री एक, आकडे दोन

जीएसटीच्या विवरणपत्रातली विक्री आणि वहीतली विक्री जुळली नाही, म्हणजे चोरी झालीच असं नाही. पुण्यातल्या एका फर्निचर व्यापाऱ्याचं काल्पनिक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या नोंदणीची वर्षाची विक्री वहीत 620 लाख, तर जीएसटीआर-३बीच्या बारा विवरणपत्रांत 632 लाख. हा 12 लाखांचा फरक कुठून आला?

लेखापरीक्षक वहीच्या आकड्यापासून सुरुवात करतो. गोव्यातल्या स्वतःच्याच शाखेला 10 लाखांचा माल पाठवला होता. वहीत ती विक्री नाही. पण दोन राज्यांतल्या नोंदणी कायद्याने वेगळ्या, म्हणून त्यावर कर लागतो. जुनं यंत्र 3 लाखांना विकलं, तेही विक्री खात्यात येत नाही. वर्षअखेरीला ग्राहकांना दिलेली 1 लाखाची सूट वहीत विक्रीतून वजा झाली. क्रेडिट नोटवर जीएसटी कमी न केल्याने विवरणपत्रात ती दिसत नाही. बेरीज झाली 634 लाख.

म्हणजे आता विवरणपत्रातच 2 लाख कमी पडतात. बिलांचे क्रमांक तपासल्यावर मार्चअखेरचं एक बिल एप्रिलच्या विवरणपत्रात सापडतं. कर भरलेला आहे, पण उशिरा. म्हणून वार्षिक 18 टक्के दराने व्याज द्यावं लागतं.

पहिल्या तीन फरकांना फक्त स्पष्टीकरण पुरतं, चौथ्याला पैसे मोजावे लागतात. 5 कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना हाच ताळमेळ जीएसटीआर-९सी मध्ये मांडावा लागतो.