एका हॉलमधल्या चौदा लाद्या

डोंबिवलीतल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये नव्या लाद्या बसल्या आणि आठवडाभरात घरमालकीणबाईंना दोन गोष्टी खटकल्या. बाल्कनीच्या दाराशी असलेल्या तीन लाद्या बाकीच्यांपेक्षा पिवळसर दिसत होत्या आणि सोफा सरकवताना काही ठिकाणी जमीन बद्द वाजत होती. कंत्राटदाराला फोन केला, तर त्याचं उत्तर तयार होतं : "ताई, वापरात आलं की शेड एक होईल, आणि आवाजाचं म्हणाल तर माल सुकला की जाईल." यातलं काहीही होत नाही. लादीचा रंग भट्टीतच पक्का होतो आणि लादीखाली राहिलेली पोकळी आपोआप भरून येत नाही.

वरवर या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. पण पोकळ लादी काढून नवी बसवायची तर त्याच बॅचची लादी हाताशी लागते. ती मिळत नसेल, तर पोकळीची दुरुस्तीच शेडचा नवा दोष होऊन बसते. म्हणून कंत्राटदाराकडे तक्रार करताना दोन्ही गोष्टी एकत्र मांडाव्यात. एकेक मांडली, तर तो एक दोष दुरुस्त करताना दुसरा वाढवून ठेवील.

आधी शेडचं पाहू. व्हिट्रिफाइड लाद्या सुमारे बाराशे अंश तापमानात भाजतात. मातीचा घाणा बदलला, शाई बदलली किंवा भट्टीचं तापमान थोडं हललं, की त्याच डिझाइनचा रंग किंचित फिरतो. भाजताना लादी आकसते, त्यामुळे मापातही बारीक फरक पडतो. हे कारखान्याला ठाऊक असतं, म्हणून खोक्याच्या बाजूला बॅच आणि शेडचे आकडे छापलेले असतात. बहुतेक खोक्यांवर आणखी एक ओळ असते : लावण्यापूर्वी तपासा, लावल्यानंतर तक्रार चालणार नाही. तेव्हा लादी जमिनीला चिकटली की दुकानदार आणि कंपनी त्या ओळीकडे बोट दाखवतात. खोकं उघडून लादी हातात घेणारा शेवटचा माणूस मिस्त्री असतो, आणि आकडे जुळतात की नाही हे पाहणं त्याचं व त्याच्या कंत्राटदाराचं काम आहे.

या हॉलमध्ये चूक हिशेबात झाली. हॉल अठरा फूट बाय अकरा फूट, म्हणजे 198 चौरस फूट. दोन बाय दोनच्या लाद्या, खोक्यात चार, म्हणजे एका खोक्यात सोळा चौरस फूट. कंत्राटदाराने भागाकार करून तेरा खोकी, म्हणजे 52 लाद्या मागवल्या. पण अकरा फुटांत पाच पूर्ण लाद्या बसतात आणि एक फूट उरतो. नऊ ओळींच्या 45 पूर्ण लाद्या, वर नऊ अर्ध्या तुकड्यांसाठी पाच, अशा 50 लाद्या नुसत्या बसवायलाच हव्यात. हाताशी उरल्या दोन. काही फुटल्या, काही कापताना गेल्या, अशा पाच वाया गेल्या आणि तीन कमी पडल्या. दहा टक्के जास्तीचा माल धरून चौदा खोकी एकदम घेतली असती, तर प्रश्नच आला नसता. कंत्राटदाराने नंतर दुकानातून एक खोकं आणलं. डिझाइन तेच, बॅच दुसरी. त्यातल्या तीन लाद्या त्याने दाराशी, म्हणजे घरात उजेड पडतो नेमक्या तिथेच लावल्या.

आता पोकळ आवाजाकडे येऊ. व्हिट्रिफाइड लादी अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. जुनी फरशी सिमेंटचं पाणी पिऊन घट्ट धरायची, ही धरत नाही. म्हणून तिला ॲडहेसिव्ह लागतं, आणि तेही दातेरी थापीने जमिनीवर सलग पसरून. मोठ्या लादीच्या पाठीलाही पातळ हात फिरवावा लागतो. त्याआधी पाठीवरची भट्टीची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून काढायची असते, नाहीतर ॲडहेसिव्ह लादीऐवजी भुकटीला चिकटतं. घाईत मिस्त्री चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवतो आणि रबरी हातोडीने लादी लेव्हलला आणतो. वरून काम सुरेख दिसतं, खाली गोळ्यांच्या मधे हवा राहते. अशा ठिकाणी वजनदार कपाटाचा पाय आला किंवा वरवंटा पडला, तर लादी तडकते. पसरलेलं ॲडहेसिव्ह उन्हावाऱ्याने वरून सुकल्यावर लादी ठेवली, तरी हीच गत होते.

या हॉलमध्ये एक साधा पुरावा होता. तीन मिलिमीटरचा थर दिला, तर वीस किलोच्या एका गोणीत साधारण पन्नास चौरस फूट होतात. म्हणजे इथे निदान चार गोण्या लागायला हव्या होत्या. बिलात दोनच होत्या.

तक्रारीआधी बाईंनी जी मेहनत घेतली, ती प्रत्येकाने घ्यावी अशी आहे. पंखा बंद करून त्यांनी नाण्याने प्रत्येक लादी पाच ठिकाणी वाजवली. घट्ट लादी खणखणीत वाजते, पोकळ लादी बद्द. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने रेघ ओढली, कागदावर हॉलचा आराखडा काढून ओळ आणि लादीचा क्रमांक टाकला आणि खडूच्या खुणांसकट फोटो घेतले. अकरा लाद्या पोकळ निघाल्या. चार फक्त एका कोपऱ्यात, सात जवळपास पूर्ण. दोन्ही बॅचच्या खोक्यांचे छापील तुकडे त्यांनी कापून ठेवले, कारण तेच नसतील तर शेडचा वाद नुसत्या डोळ्यांवर येतो. एक खरं, आवाज हा पक्का निवाडा नव्हे. खालचा थर हलका असेल, तर चिकटलेली लादीही कधी बद्द वाजते. म्हणून पत्रात त्यांनी मागितलं, की सर्वांत वाईट वाजणारी एक लादी दोघांसमोर काढावी. काढली, तेव्हा पाठीवर पाच गोळ्यांचे ठसे होते आणि बाकी लादी कोरी होती.

पत्र लहान होतं. त्याचा गाभा असा : "हॉलमधल्या तीन लाद्या वेगळ्या बॅचच्या आहेत आणि अकरा पोकळ आहेत. आराखडा, फोटो व खोक्यांवरचे आकडे सोबत जोडले आहेत. मूळ बॅचच्या चौदा लाद्या मिळत असतील, तर त्या पंधरा दिवसांत बदलून द्याव्यात. मिळत नसतील, तर संपूर्ण हॉल एकाच बॅचमध्ये नव्याने करून द्यावा. काम होईपर्यंत बिलाची उरलेली रक्कम राखून ठेवत आहे." कंत्राटदाराने बारीक भोकं पाडून इपॉक्सी भरण्याचा पर्याय सुचवला. कोपऱ्यात पोकळ असलेल्या चार लाद्यांसाठी तो चालण्यासारखा होता. पाच गोळ्यांवर उभ्या असलेल्या सात लाद्यांसाठी तो मान्य करू नये असं माझं मत आहे, कारण भुकटी न पुसलेल्या पाठीला इपॉक्सीही नीट धरत नाही.

कंत्राटदार हलला नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तक्रारीला शुल्क नाही. लाद्या बिल्डरने लावून दिलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला कामाच्या दर्जातला दोष त्याने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा, असं रेरा कायदा सांगतो.

इथे मूळ बॅच बाजारातून संपली होती, म्हणून पूर्ण हॉल उखडावा लागला. नव्या कामाच्या अटी बाईंनी लिहूनच घेतल्या : एकाच बॅचची पंधरा खोकी, वेगवेगळ्या खोक्यांतल्या लाद्या मिसळून लावायच्या, जोडात दोन मिलिमीटरचे स्पेसर, चोवीस तास कुणी पाय ठेवायचा नाही, आणि प्रत्येक दोन ओळींनंतर नुकतीच ठेवलेली एक लादी उचलून तिची पाठ ॲडहेसिव्हने पुरती माखली आहे की नाही, हे घरमालकाला दाखवायचं.