कागदी कंदील : कागद तोलून घ्या, खळ शिजवून घ्या, बल्ब विचारून घ्या

दिवाळीच्या आकाशकंदिलाचा धंदा दोन महिन्यांचा. परंतु लग्नाचे मंडप, हॉटेले आणि कपड्यांची दुकाने यांच्यासाठी पांढऱ्या कागदाच्या साध्या कंदिलाला आता बाराही महिने मागणी असते. या ग्राहकाला झगमगाट नको असतो. त्याला असा उजेड हवा असतो की कंदील सगळा सारखा उजळावा आणि आतला बल्ब कोठे आहे ते कळू नये. डेकोरेटर माल परत पाठवतो तो बहुधा याच कारणाने. कंदील दिवसा देखणा दिसतो, पण दिवा लावताच मधोमध डोळ्यांत खुपणारा गोळा, गोंदाचे काळपट डाग आणि वरचा भाग अंधारा. ज्यांच्याकडून शंभर नगांपैकी तीस परत आले त्या कारागिराची मजुरी कोण देणार?

मी कापडाचा माणूस. म्हणून कागदाकडेही मी कापडासारखाच पाहतो. आपण कापड जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्राम, असे घेतो. कागदाचेही तेच माप आहे. पतंगाचा कागद वीस जीएसएमच्या आसपास असतो. त्यातून बल्ब सरळ दिसतो. कार्यालयातला टंकलेखनाचा किंवा झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशीचा असतो, पण त्यात खडूसारखी भुकटी भरलेली असते, म्हणून उजेड मळकट येतो. बटर पेपर पारदर्शक दिसतो, आणि तोच त्याचा दोष. उजेड मऊ होतो तो कागदाच्या तंतूंवर आपटून चहूकडे पसरल्यामुळे. बटर पेपरमध्ये तंतू दाबून एकजीव केलेले असतात, तेथे उजेड अडखळतच नाही.

कंदिलाला पन्नास ते सत्तर जीएसएमचा हातकागद बरा. आपल्याकडे दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान कागझीपुरा आहे. तेथील मुस्लिम कागद कारागिरांची परंपरा चौदाव्या शतकापासून सांगितली जाते. राजस्थानात सांगानेरला कागझी बिरादरीचे मोठे काम आहे. हातकागद बहुतांशी सुती कतरणीचा बनतो. आपल्याच दुकानातली चिंधी कागद होऊन परत येते, असे म्हणा ना. जपानी कंदिलाचा कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. त्याचा तंतू लांब असतो, म्हणून तो पातळ असूनही फाटत नाही. लांब धाग्याच्या कापसाचे सूत जसे बारीक निघूनही टिकते, तसेच हे. आपल्या सुती कागदाचा तंतू आखूड, तेव्हा पन्नासच्या खाली उतरू नये. शंभरच्या वर गेलात तर उजेड आतच अडकतो.

विक्रेता सांगेल त्या जीएसएमवर विसंबू नका. हातकागदाचा ताव साधारण २२ बाय ३० इंचाचा येतो, म्हणजे ०.४२६ चौरस मीटर. दहा ताव काट्यावर ठेवा. वजन २५५ ग्राम भरले तर त्याला ४.२६ ने भागा, साठ येतात. मग एकेक ताव खिडकीसमोर धरा. ढगासारखे दाट-विरळ पट्टे दिसले तर तो ताव बाजूला काढा, कारण रात्री तेच ढग दुप्पट दिसतील.

कंदिलाचे माप तावावरून ठरवावे, तावाचे मापावरून नव्हे. तावाच्या ओबडधोबड कडा कापल्या की लांबी २९ इंच उरते. ती मधोमध कापली तर साडेचौदा-साडेचौदा इंचांचे दोन तुकडे होतात. वर-खाली अर्धा-अर्धा इंच दुमडीला सोडला की कंदिलाची उंची साडेतेरा इंच मिळते. बारा इंच व्यासाच्या कड्याचा घेर पावणेअडतीस इंचांच्या आत येतो; त्याच्या निम्म्यात जोडाचा अर्धा इंच मिळवला तर प्रत्येक तुकडा साडेएकोणीस इंच लांब लागतो. म्हणजे एका तावात एक कंदील, आणि उरलेली पट्टी कडेला लावायला. हेच तुम्ही सोळा इंच उंचीचे केले तर दोन ताव लागतील आणि बराचसा कागद रद्दीत जाईल. सांगाड्याला कामट्या वापरत असाल तर त्या सुकलेल्याच घ्या. ओला बांबू मागाहून आकसतो आणि ताणलेला कागद सुरकुततो.

आता चिकटवण्याचे. बाजारातला पांढरा तयार गोंद सोयीचा आहे, मीही नाही म्हणत नाही. पण तो सुकल्यावर चकाकणारा थर धरतो, आणि दिवा लावला की बोटांचे ठसेसुद्धा दिसतात. मैद्याची खळ कागदात मुरते, तिचा डाग दिसत नाही आणि चुकले तर ओलसर करून कागद सोडवताही येतो. पन्नास ग्राम मैदा तीनशे मिलिलिटर थंड पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आंचेवर दहा मिनिटे ढवळत शिजवा. पांढरेपणा जाऊन झाक आली की उतरवा, मलमलीतून गाळा आणि थंड झाल्यावरच वापरा. ती दोन दिवसांत आंबते, तेव्हा रोजच्या कामापुरतीच करा. कसर लागू नये म्हणून पूर्वी बाइंडर लोक खळीत मोरचूद घालत. ते विष आहे आणि पांढऱ्या कागदाला हिरवट छटा देते; घरात मुले असतील तेथे नकोच.

खळ कामटीला आणि कड्याला लावावी, कागदाला नव्हे, आणि तीही पातळ. दुमडीला बोटभर अंतराने कात्रीचे छेद द्या म्हणजे गोलाईवर चुण्या पडत नाहीत. सगळे चिकटून सुकल्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून सावलीत वाळवा. कागद ओला होताना फुगतो आणि वाळताना ताणून बसतो. फवारा जास्त झाला तर मात्र तो कामट्याच वाकवतो.

बल्बच्या बाबतीत मोठा घोटाळा शब्दाचा आहे. कारागीर दुकानात जाऊन कूल बल्ब मागतो, कारण त्याला गरम न होणारा दिवा हवा असतो. दुकानदार त्याला कूल डेलाइट देतो. ते नाव उजेडाच्या रंगाचे आहे, तापमानाचे नाही. खोक्यावर ६५०० के लिहिलेले असते, आणि कंदील दवाखान्यासारखा निळसर दिसतो. आपल्याला हवा तो वॉर्म व्हाइट, २७०० ते ३००० के. एलईडी असला की दोन्ही सारखेच थंड. जुना साठ वॉटचा तारेचा बल्ब नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवीत असे. कागदाच्या कंदिलात तो लावूच नये. तीन ते पाच वॉटचा, दुधी घुमटाचा एलईडी पुरे. काचेतून तारा दिसणारा एलईडी घेतलात तर कामट्यांच्या कडक सावल्या पडतील.

एलईडीची उष्णता घुमटात नसते, मागच्या बुडात असते. बूड वर करून टांगला की ती वरच्या कागदाखाली कोंडते, म्हणून वर किमान तीन इंचांचे भोक मोकळे ठेवा आणि खालची बाजू उघडी. शिवाय हा बल्ब पुढे आणि बाजूंना उजेड टाकतो, मागे जवळजवळ नाही. म्हणून तो कंदिलाच्या मधोमध न लावता वरून पाच इंचांवर आणा, तरच वरचा भाग उजळतो. कागदापासून मात्र सगळीकडून सहा इंच दूर. आठ इंची कंदिलात हे अंतर चार इंच होते, आणि कागदावरचा प्रकाश सव्वादोन पट होतो. तेथे मधला गोळा दिसणारच. लहान कंदिलाला तीन वॉटच घ्यावा.

माल देण्यापूर्वी एक नग बंद खोलीत चार तास पेटता ठेवून वरचा कागद हाताने पाहा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर भोक वाढवा किंवा वॉट कमी करा. आणि ग्राहकाला स्पष्ट सांगा की हा कंदील उघड्यावर दवात टांगण्याचा नाही. काही जण वरून प्लास्टिकची पिशवी घालतात. तिने उजेड चकाकतो, हवा कोंडते आणि आतली खळ आंबते. उघड्यावरचेच काम असेल तर कापडी कंदिलाचा भाव द्यावा.