पावसाळी कपड्यांच्या लुकबुकची प्रस्तावना कशी लिहावी?

बारावीच्या उपयोजित मराठीत आपण माहितीपत्रक शिकतो. आज त्याच्याच एका धाकट्या भावंडाची ओळख करून घेऊ. त्याचं नाव लुकबुक. एखादं छोटं लेबल, म्हणजे स्वतःच्या नावाने थोडेच कपडे शिवून विकणारा व्यवसाय, हंगामाच्या सुरुवातीला आपल्या नव्या कपड्यांच्या फोटोंची एक पुस्तिका काढतो. त्या फोटोंच्या आधी एक छोटा मजकूर असतो. तीच लुकबुकची प्रस्तावना.

माहितीपत्रकात किंमत, मापं, पत्ता असं सगळं येतं. प्रस्तावनेत ते नसतं. तिला तीनच गोष्टी सांगायच्या असतात: वातावरण, कापड आणि कपड्याची ठेवण. ठेवण म्हणजे कपड्याची बाहेरची रेषा, ज्याला या धंद्यात सिल्हूट म्हणतात. आता तुम्ही विचाराल, फोटो असताना शब्द कशाला? कारण फोटोत रंग दिसतो, पण कापडाचं वजन दिसत नाही. ते भिजल्यावर कसं वागतं हे दिसत नाही. माणूस वाकल्यावर कपडा कुठे सरकतो हेही दिसत नाही. पावसाळी कपड्यात नेमकं हेच महत्त्वाचं असतं. म्हणून एक नियम लक्षात ठेवा: फोटो जे दाखवू शकत नाही, ते प्रस्तावनेने सांगायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, डहाणूत दोन शिलाई मशीनवर चालणारं एक छोटं लेबल आहे. पावसाळ्यासाठी त्यांनी सहा कपडे केले आहेत: कुर्ते, पायजमे आणि एक जॅकेट. गिऱ्हाईक डहाणू-तलासरीतलं आहे आणि थोडं लोकलच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईतही आहे. पहिला मसुदा असा आला:

*"पावसाची रिमझिम, मातीचा सुगंध आणि हिरवाईची साद! निसर्गाच्या कुशीतून खास तुमच्यासाठी आमची नवी मालिका. प्रीमियम, मऊ आणि वॉटरप्रूफ कापड. प्रत्येकाला शोभेल अशी मोहक ठेवण. वारली कलेचा वारसा अंगावर मिरवा!"*

वाचायला गोड वाटतं ना? आता एक चाचणी करा. यात डहाणूच्या जागी महाबळेश्वर किंवा आंबोली कल्पून वाचा. वारलीचा उल्लेख सोडला, तर एकही शब्द बदलावा लागत नाही. म्हणजे या मजकुराने जागेबद्दल काही सांगितलं नाही आणि कपड्याबद्दलही नाही. आता तिन्ही गोष्टी एकेक करून दुरुस्त करू.

१. वातावरण

मातीचा सुगंध, हिरवा शालू, चिंब सरी हे शब्द इतके वापरले गेलेत की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभंच राहत नाही. त्याऐवजी त्या जागी पावसाळ्यात प्रत्यक्ष काय दिसतं ते आठवा. डहाणूच्या किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. आत तलासरीकडे गेलं की याच दिवसांत भाताची लावणी चालू असते, बांधावर रोपांच्या जुड्या पडलेल्या असतात. म्हणजे एकाच पावसात किनारा थांबलेला आणि शेत धावपळीत! हा विरोध दोन वाक्यांत आला तरी वातावरण तयार होतं. "उदास", "प्रसन्न", "मोहक" अशी विशेषणं लावायची गरजच पडत नाही.

मात्र एक पथ्य पाळा. वातावरणाची वाक्यं दोन-तीनच ठेवा आणि शेवटचं वाक्य कपड्याकडे वळवा. नाहीतर पावसाळ्यावरचा निबंध तयार होतो आणि कपडे राहतात बाजूला.

२. कापड

इथे "प्रीमियम" आणि "मऊ" हे शब्द आधी काढून टाका. कापडाबद्दल लिहिण्यापूर्वी कापड हातात घ्यायचं असतं. यासाठी घरी करता येतील अशा तीन परीक्षा आहेत. त्याआधी कापड एकदा धुऊन वाळवा, कारण नव्या कापडाला खळ असते आणि ती फसवते.

पहिली परीक्षा वजनाची. कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. 10 सेंटीमीटर लांब आणि 10 सेंटीमीटर रुंद असा तुकडा कापा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. येईल त्या आकड्याला 100 ने गुणा. तुकडा 1.2 ग्रॅम भरला, तर कापड 120 जीएसएमचं झालं. कुर्त्याला हे वजन ठीक आहे. मलमल यापेक्षा बरीच हलकी असते. ती लवकर वाळते, पण भिजली की अंगाला चिकटते आणि फिका रंग असेल तर आरपार दिसते. जाड डेनिम आरपार दिसत नाही, पण पावसाळी हवेत दोन दिवस ओलीच राहते.

दुसरी परीक्षा वाळण्याची. तोच कपडा भिजवा, हाताने घट्ट पिळा आणि घरात पंख्याखाली टाका. किती तास लागले ते घड्याळात बघून लिहा. ही परीक्षा पावसाळी दिवशीच करा. एप्रिलच्या उन्हात घेतलेला आकडा जुलैत खोटा ठरतो. सुती धागा पाणी आत ओढून घेतो, म्हणून सुती कापड सावकाश वाळतं. पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून ते लवकर वाळतं, पण दमट हवेत घामही पीत नाही आणि अंगाला चिकचिक होते. यातलं एक सांगून दुसरं लपवू नका.

तिसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला, तर पावसात तो रंग खालच्या पायजम्यावर उतरणार.

आता "वॉटरप्रूफ" या शब्दाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त तक्रारी याच शब्दामुळे येतात. जॅकेटच्या कापडावर पाणी अडवणारा लेप असतो, हे खरं. पण जॅकेट शिवताना सुई प्रत्येक टाक्याला त्या लेपात एक भोक पाडते. शिवण आतून पट्टीने बंद केली नसेल, तर मुसळधार पावसात पाणी खांद्याच्या शिवणीतूनच आत येतं. गिऱ्हाइकाला तलासरीच्या थांब्यावर एस.टी.ची वाट बघताना हे कळतं आणि मग ते परत त्या लेबलकडे फिरकत नाही. म्हणून जेवढं खरं आहे तेवढंच लिहा: "रिमझिम अडवतं." बादलीभर पाणी खांद्यावर ओतून बघितल्याशिवाय त्यापुढे एक शब्दही लिहू नका.

३. ठेवण

ठेवण ओळखायची सोपी युक्ती सांगते. कपडा घातलेल्या माणसाला खिडकीसमोर उभं करा आणि डोळे बारीक करून बघा. रंग, नक्षी, बटणं सगळं नाहीसं होतं आणि फक्त बाहेरची रेषा उरते. मग त्याच माणसाला वाकायला सांगा, हात वर करायला सांगा. रेषा कुठे बदलते ते टिपून ठेवा.

हे "वाकायला" मी मुद्दाम म्हणते आहे. आपल्या भागातलं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते पाठीवरचं छप्पर. डोक्यावरून घेतलं की मागे कंबरेच्या खालपर्यंत येतं आणि पुढून उघडं असतं. असं का? कारण लावणी करणारं माणूस दिवसभर वाकलेलं असतं. पाऊस त्याच्या पाठीवर पडतो आणि दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणजे इरल्याचा आकार कामाने ठरवलेला आहे. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडंही तसंच, चिखल काठाच्या खाली राहावा म्हणून.

आपल्या लेबलच्या कुर्त्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा चार बोटं लांब आहे. पायजमा घोट्याच्या वर थांबतो. नुसतं "मोहक ठेवण" म्हटलं तर हे कोणालाच कळणार नाही. मागची बाजू का लांब आहे, हे सांगितलं की वाचणाऱ्याला आकार दिसतो आणि पटतोही. लिहिताना मापं बोटांत किंवा घोटा, गुडघा, कोपर अशा अंगाच्या खुणांनी सांगा. इंचाचे आकडे मापांच्या तक्त्यात शोभतात.

एक सावधगिरीची गोष्ट

पहिल्या मसुद्यात "वारली कलेचा वारसा" आला होता. कपड्यावर नक्षी आहे, पण ती कारखान्यात छापलेली आहे. वारली चित्रं मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर नेली आणि जगभर ओळख मिळवून दिली. आज तलासरी-डहाणूतली कितीतरी घरं हाताने रंगवलेल्या कामावर चालतात. एक कुर्ता रंगवायला दिवस जातात आणि छपाईला काही मिनिटं. दोन्हीला एकच शब्द वापरला, तर हाताच्या कामाचा भाव पडतो. म्हणून छापलेलं असेल तर "छापलेली नक्षी" असंच लिहा. हाताने रंगवलेलं असेल, तर रंगवणाऱ्याच्या परवानगीने त्याचं नाव आणि गाव द्या.

दुरुस्त केलेली प्रस्तावना

*"होड्या ताडपत्रीखाली झोपल्यात. बांधावर मात्र रोपांच्या जुड्या वाट बघतायत. पाऊस थांबला तरी पागोळ्या थांबत नाहीत आणि घरातून निघायचं तर आहेच.*

*हे सहा कपडे त्या निघण्यासाठी. कुर्ते आणि पायजमे धुऊन आटवलेल्या सुती कापडाचे, 120 जीएसएमचे. रंग गडद आहेत, त्यामुळे भिजले तरी आरपार दिसत नाहीत. संध्याकाळी पिळून पंख्याखाली टाका, सकाळी घाला.*

*कुर्ता मागे चार बोटं लांब, वाकलात तरी कंबर झाकलेली. पायजमा घोट्याच्या वर थांबतो, चिखल खाली राहतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडून बटणात अडकतात. जॅकेट रिमझिम अडवतं. धो धो पावसात छत्री घ्याच. पाठीवरची नक्षी छापलेली आहे."*

बघा, यात एकही उद्गारचिन्ह नाही. "सकाळी घाला" हे वाक्य वाळण्याची परीक्षा घेतल्यावरच लिहिता येतं. परीक्षेत कपडा सकाळी दमट निघाला, तर ते वाक्य काढायचं किंवा कापड बदलायचं. आणि "छत्री घ्याच" लिहिल्याने विक्री घटेल अशी भीती वाटते, पण उलट बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो तो याच वाक्यामुळे.

स्वाध्याय

१. घरातला पावसाळ्यात वापरला जाणारा एक कपडा घ्या. त्याच्या वजनाची, वाळण्याची आणि रंगाची परीक्षा करून निकाल वहीत लिहा.

२. त्याच कपड्यावर साठ शब्दांची प्रस्तावना लिहा. "सुंदर", "मोहक", "आरामदायी" हे शब्द वापरायचे नाहीत.

३. लिहून झाल्यावर गावाचं नाव बदलून वाचा. मजकूर तरीही तसाच चालत असेल, तर पहिली दोन वाक्यं पुन्हा लिहा.