उत्तर तोंडात न घालता विचारा

“काका, तसलं काही मनात येत नाही ना?” नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या सरावात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. काय उत्तर द्यायचं, हे त्यातच सांगून टाकलेलं असतं. रुग्ण मान हलवतो, केसपेपरवर ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ अशी नोंद होते आणि धोका तसाच राहतो. विचारलं तर नको तो विचार डोक्यात भरेल, अशी भीती यामागे असते. पण थेट विचारल्याने धोका वाढतो, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

सरावासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. पंचावन्न वर्षांचे शेतकरी झोप लागत नाही म्हणून दाखल झालेत. आधी मुलाला बाहेर बसवायचं, कारण मुलासमोर बाप मोकळा होत नाही. मग शेजारी खुर्ची घेऊन बसायचं. तुमच्या जिवाला धोका वाटला तर डॉक्टरांना सांगावं लागेल, हेही सुरुवातीलाच सांगायचं. गुपित राखायचं वचन द्यायचं नाही.

पुढे कोलंबिया प्रश्नावली वापरता येते. “गेल्या महिन्यात मरून जावं, झोपेतून उठूच नये असं वाटलं का?” “स्वतःचा जीव घ्यायचा विचार आला का?” दुसऱ्याला ‘हो’ आलं, तर कसं करायचं याचा विचार केला होता का, तसं करायचा इरादा होता का आणि बेत ठरवला होता का, हे क्रमाने विचारायचं. ‘नाही’ आलं, तरी शेवटचा सहावा प्रश्न सोडायचा नाही: “आजवर कधी तसा प्रयत्न किंवा तयारी केली होती का? गेल्या तीन महिन्यांत?”

काका म्हणतात, विचार येतात, पण इरादा नाही. इथेच थांबलो, तर धोका प्रत्यक्षापेक्षा कमी वाटेल. सहाव्या प्रश्नावर मात्र ते सांगतात, “पंधरा दिवसांपूर्वी सगळी तयारी केली होती, सिस्टर. नातीचा आवाज आला आणि मागे फिरलो.” या एका उत्तराने धोका तीव्र ठरतो. आता त्यांना क्षणभरही एकटं सोडायचं नाही. सहकाऱ्याला हाक मारून डॉक्टरांना लगेच कळवायचं, जवळच्या धोकादायक वस्तू हलवायच्या आणि काकांचे शब्द जसेच्या तसे नोंदवायचे. “नातीचा तरी विचार करायचा” असं सुनावायचं नाही. “सांगितलंत ते बरं केलंत” एवढं पुरतं.

सगळी उत्तरं ‘नाही’ आली म्हणजे धोका टळला, असं नव्हे. रुग्ण लपवू शकतो, मनःस्थिती तासाभरात पालटू शकते. वागणं आणि उत्तर जुळत नसेल, तर वागण्यावर भर द्यावा आणि वरिष्ठांना सांगावं. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे विशेष जोखमीचे असतात, म्हणून घरी सोडण्याआधी पुन्हा विचारावं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असे विचार येत असतील, तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कुठल्याही वेळी, मराठीतूनही बोलता येतं. कृपया आजच फोन करा.