खात्यातून पैसे गेले, दुकानात पोहोचले नाहीत

समजा, ३ तारखेला संध्याकाळी किराणा दुकानात ७४० रुपयांचं सामान घेतलं, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला की ७४० रुपये वजा झाले. पण दुकानातला स्पीकर गप्प. दुकानदार म्हणतो, "पैसे आले नाहीत हो." मागे चार माणसं उभी असतात, म्हणून गिऱ्हाईक ओशाळून पुन्हा ७४० रुपये देतो आणि घरी येतो. आता पहिल्या ७४० रुपयांचं काय?

यूपीआयमध्ये आपल्या बँकेतून दुकानदाराच्या बँकेत पैसे एका झटक्यात जात नाहीत. मध्ये एनपीसीआय ही संस्था असते. ती आधी आपल्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते. वजा झाल्याचं उत्तर आलं, की दुकानदाराच्या बँकेला जमा करायला सांगते. दुसऱ्या बँकेने "जमा होत नाही" असं स्पष्ट कळवलं, तर रक्कम उलट पाठवली जाते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत खात्यात परत येते. खरी अडचण होते ती दुसरी बँक काहीच उत्तर देत नाही तेव्हा. तिने पैसे जमा केले आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, की जमाच केले नाहीत, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून अ‍ॅपवर व्यवहार 'पेंडिंग' दिसतो. पुढे दोन्ही बँकांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात आणि त्यानंतर पैसे एक तर दुकानदाराला मिळतात किंवा आपल्याला.

म्हणूनच स्पीकर वाजला नाही एवढ्यावरून व्यवहार फसला असं धरू नये. स्पीकरला नेटवर्क नसलं तरी तो गप्प राहतो. आपल्या अ‍ॅपवर काय लिहिलंय ते आधी पाहावं. 'फेल्ड' असेल, तर पैसे परत येणार. 'पेंडिंग' असेल, तर शक्य असल्यास दुसऱ्यांदा पैसे देण्याआधी थोडं थांबावं. 'सक्सेस' असेल आणि पैसे दुकानदाराच्या खात्यात पोहोचलेले असतील, तर ते आपोआप परत येणार नाहीत, कारण बँकेच्या लेखी व्यवहार पुरा झालेला आहे. अशा वेळी दुसऱ्यांदा दिलेली रक्कम दुकानदाराकडूनच मागावी लागते. दुकानदाराने त्याच्या खात्याचं स्टेटमेंट उघडून आपला यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, शोधला की निकाल लागतो. यूपीआयच्या भांडणात सर्वांत जास्त वाया जाणारे दिवस इथलेच असतात: गिऱ्हाईक बँकेच्या मागे लागतो आणि पैसे दुकानदाराच्या खात्यात पडून असतात.

व्यवहार खरोखर फसला असेल, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम आपल्या बाजूने आहे. दुकानातल्या यूपीआय व्यवहारात पैसे वजा झाले पण दुकानदाराकडे पावती पोहोचली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. कार्ड मशीनवर स्वाइप करूनही स्लिप निघाली नाही, तरी हीच मुदत. एखाद्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेले पैसे तिच्या खात्यात पडले नाहीत, तर मुदत फक्त एका दिवसाची. हे दिवस कॅलेंडरचे आहेत. त्यात रविवार आणि सुट्ट्या धरल्या जातात, त्यामुळे "सात कामाचे दिवस थांबा" हे उत्तर मान्य करू नये.

आपल्या उदाहरणात ३ तारखेचा व्यवहार, म्हणून मुदत ८ तारखेपर्यंत. पैसे १२ तारखेला परत आले, तर चार दिवसांचा उशीर झाला. दिवसाला १०० रुपये या दराने ७४० रुपयांवर आणखी ४०० रुपये भरपाई मिळायला हवी. रक्कम लहान असली तरी दर तोच. ग्राहकाने तक्रार केली नसली तरी बँकेने ही भरपाई स्वतःहून जमा करावी, असं नियमात लिहिलेलं आहे. मला या नियमातली ही ओळ सर्वांत मोलाची वाटते, कारण उशिराचा भार तिने ग्राहकाच्या अंगावरून काढून बँकेवर टाकला आहे. मात्र चुकीच्या नंबरला पाठवलेले पैसे या नियमात बसत नाहीत. नियम आहे तो ग्राहकाची चूक नसताना फसलेल्या व्यवहारांसाठी.

मुदत उलटली, तर अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही लेखी कळवावं. त्यात तारीख, रक्कम, यूटीआर आणि भरपाईची मागणी स्पष्ट लिहावी. तक्रार क्रमांक जपून ठेवावा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नये. फसवे नंबर तिथेच पेरलेले असतात, आणि पलीकडचा माणूस "पैसे परत घेण्यासाठी पिन टाका" म्हणाला की फोन ठेवून द्यावा, कारण पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही.